पीडीएफ संपादनाची वर्गणी भरण्यापूर्वी

शासकीय पत्रव्यवहार, शाळांचे दाखले, ग्रामपंचायतींचे ठराव आणि जमिनीचे उतारे आता बहुतांशी पीडीएफ या स्वरूपात फिरतात. हे स्वरूप अडोबी या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये प्रथम प्रसृत केले आणि २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले. मानक खुले असल्याने पीडीएफमध्ये फेरफार करणारी साधने आज शेकडो कंपन्या तयार करतात. त्यांतील पुष्कळशी ‘योजना’ या नावाने, मासिक अथवा वार्षिक वर्गणीवर मिळतात. योजनेच्या पानावर दरमहा इतके दस्तऐवज, सही करण्याची सोय, अक्षर-ओळख, वेब आणि डेस्कटॉप असे शब्द ओळीने लिहिलेले असतात व प्रत्येकापुढे बरोबरची खूण असते. या शब्दांचा नेमका अर्थ काय, आणि आपल्या कार्यालयास त्यांतील कशाची गरज आहे, हे न पाहता पैसे भरले गेल्यास काय होते याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनासाठी गोव्यातील एखाद्या तालुक्यामधील मराठी माध्यमिक विद्यालयाचे कार्यालय डोळ्यांसमोर आणू. एक लिपिक, एक संगणक, एक स्कॅनर आणि मुख्याध्यापकांची सही, एवढीच तेथील सामग्री. कार्यालयास शाळा सोडल्याचे दाखले, बोनाफाइड प्रमाणपत्रे व शिष्यवृत्तीचे अर्ज पीडीएफ करून द्यावे लागतात. जुने कागद शोधता येतील अशा रीतीने जतन करावयाचे आहेत, हेही एक काम आहे.

प्रथम मासिक मर्यादेकडे वळू. समजा, योजनेत दरमहा ५० दस्तऐवजांची मर्यादा आहे. वर्षाला ते ६०० होतात. शाळेचा हिशेब काढला तर अकरा महिने दरमहा सुमारे ३० दस्तऐवज लागतात, आणि प्रवेशाच्या जून महिन्यात मात्र १८० लागतात. म्हणजे वर्षाची एकूण गरज ५१० आहे. ६०० मध्ये ५१० सहज बसतात असे वाटून लिपिक वर्गणी भरतो. परंतु न वापरलेली संख्या पुढील महिन्यात जमा होत नसेल, आणि बहुधा ती होत नाही, तर अकरा महिन्यांत प्रत्येकी २० याप्रमाणे २२० दस्तऐवजांची सोय वाया जाते. जूनमध्ये ५० संपल्यावर १३० मुलांचे दाखले खोळंबतात. दाखल्यावाचून पुढील प्रवेश अडतो आणि पालक खिडकीपाशी उभे राहतात. वार्षिक सरासरी पाहून मासिक मर्यादेची योजना घेऊ नये. ज्या महिन्यात काम सर्वाधिक असते तो महिना पाहून घ्यावी.

या हिशेबाला दुसरीही एक बाजू आहे. ‘दस्तऐवज’ कशास म्हणावे, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरविते. काही ठिकाणी चढविलेली प्रत्येक फाइल मोजली जाते, तर काही ठिकाणी फाइलवर केलेली प्रत्येक क्रिया. एकाच फाइलची पाने वेगळी केली, ती फिरविली, मग आकार कमी केला, तर पहिल्या पद्धतीने एक आणि दुसऱ्या पद्धतीने तीन धरले जातात. सही घेण्याच्या सेवांत मोजणीचे एकक आणखी निराळे असते. उदाहरणार्थ, डॉक्युसाइन ही कंपनी ‘लिफाफे’ मोजते. एका लिफाफ्यात अनेक कागद घालता येतात आणि तो अनेकांकडे सहीसाठी पाठविता येतो, तरी तो एकच धरला जातो. यावरून आणखी एक भेद लक्षात येईल. आपण स्वतः आपल्या कागदावर सही करणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याकडे सहीसाठी कागद पाठविणे ही दुसरी. पुष्कळ योजनांत पहिलीवर बंधन नसते व मर्यादा दुसरीवर असते. शाळेत सही करणारे मुख्याध्यापक एकटेच असल्याने पाठवणीच्या मर्यादेशी तिला कर्तव्य नाही. ज्या सहकारी संस्थेला पंचवीस सभासदांच्या सह्या गोळा करावयाच्या आहेत, तिला मात्र तीच मर्यादा पाहावी लागेल.

फाइलवार मोजणी असेल तर कामाचा क्रम बदलूनही पुष्कळ बचत साधते. तीस कागद एकदम स्कॅन करून त्यांची एकच फाइल करावी आणि वेब सेवेतील क्रिया तिच्यावर एकदाच करून घ्यावी. नंतर पाने वेगळी करण्याचे काम आपल्याच संगणकावरील एखाद्या विनामूल्य साधनाने करावे. यात एका फाइलला पानांची व आकाराची जी कमाल मर्यादा असते, ती आधी पाहून ठेवावी. सह्या मात्र अशा गठ्ठ्यावर करता येत नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याचा दाखला ही स्वतंत्र फाइल हवी आणि सही तिच्यावरच हवी, कारण सही झालेल्या गठ्ठ्यातून एक पान वेगळे काढले की त्या पानाबरोबर सही जात नाही. हे का, ते आता पाहू.

‘सही’ या एका शब्दाखाली योजनांत तीन भिन्न वस्तू विकल्या जातात, आणि सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. पहिली वस्तू म्हणजे सहीचे चित्र. उंदराने काढलेली, मोबाइलवर बोटाने गिरविलेली अथवा कागदावरून छायाचित्र घेतलेली सही पानावर चिकटविली जाते. कोणीही ते चित्र उचलून दुसऱ्या कागदावर लावू शकतो. ही सोय विनामूल्य अक्रोबॅट रीडरमध्येही आहे, तेव्हा तेवढ्यासाठी वर्गणी भरण्याचे कारण नाही. दुसरी वस्तू म्हणजे सेवाकंपनीची मोहोर. सही करणाऱ्याचा ई-मेल, वेळ व संगणकाचा पत्ता यांची नोंद ठेवून कंपनी आपल्या स्वतःच्या प्रमाणपत्राने कागद बंद करते. खासगी करारात वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून याचा उपयोग होतो. परंतु मोहोर कंपनीची असते. मुख्याध्यापकांची ओळख त्या प्रमाणपत्रात नसते.

तिसरी वस्तू ही खरी डिजिटल सही होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये केंद्र शासनाने प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाची नेमणूक केली असून, त्याने परवाना दिलेल्या संस्थाच डिजिटल सहीची प्रमाणपत्रे देऊ शकतात. पूर्वी दिले जाणारे वर्ग २ चे प्रमाणपत्र १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले. आता वर्ग ३ चे घ्यावे लागते. ते एका लहानशा यूएसबी टोकनमध्ये येते. टोकनमध्ये एक गुप्त संख्या असते, जिला किल्ली म्हणतात, आणि ती टोकनच्या बाहेर कधीही पडत नाही. सही करताना फाइलमधील मजकुरावरून एक सार-संख्या काढली जाते आणि टोकन त्या संख्येवर आपल्या किल्लीने प्रक्रिया करते. पुढे फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी सार-संख्या जुळत नाही आणि सही बाधित झाल्याचे वाचणाऱ्यास दिसते. ज्यांच्यापाशी टोकन नाही, त्यांच्यासाठी आधार-क्रमांकावर आधारलेली ई-साइनची सोय २०१५ पासून झाली आहे. तीत मोबाइलवर आलेला एकवेळचा संकेतांक दिल्यावर परवानाधारक संस्था सही उठविते.

येथे वेब आणि डेस्कटॉप यांतील भेद एकाएकी महत्त्वाचा होतो. वेब साधन दूरच्या संगणकावर चालते. आपल्या टेबलावरील संगणकात खोचलेले टोकन त्यास आपोआप दिसत नाही. त्यासाठी एक सहायक प्रोग्राम आपल्या संगणकावर बसवावा लागतो, आणि तो त्या सेवेने दिलेला नसेल तर टोकन असूनही सही करता येत नाही. डेस्कटॉपवरील साधन मात्र टोकनचा ड्रायव्हर बसविला की ते थेट वाचते. योजनेच्या पानावर ‘सही’ समोर खूण आहे, एवढ्यावर विसंबू नये. आमच्या यूएसबी टोकनमधील वर्ग ३ च्या प्रमाणपत्राने सही करता येते काय, असा प्रश्न विक्रेत्यास लेखी विचारावा. अनेकदा उत्तर नकारार्थी येते, आणि त्या उत्तराने वर्षाची वर्गणी वाचते.

सही झाल्यानंतरची एक चूक कार्यालयांत वारंवार घडते. दाखल्यावर रीतसर सही होते. तो ज्या संकेतस्थळावर चढवावयाचा तेथे फाइलच्या आकारास मर्यादा असते, म्हणून लिपिक सही झालेली फाइल आकार कमी करण्याच्या साधनातून काढतो. पानावर सहीचा चौकोन पूर्वीसारखाच दिसतो, परंतु आतील सही नष्ट झालेली असते. अक्षर-ओळख करणे, पान फिरविणे, दोन फाइली जोडणे यांचाही परिणाम तोच होतो. यास्तव स्कॅन, अक्षर-ओळख, आकार कमी करणे ही कामे आधी उरकावीत आणि सही सर्वांत शेवटी करावी. एकाच कागदावर दुसऱ्या अधिकाऱ्याची सही व्हावयाची असेल तर त्यास हरकत नाही; मानकानुसार दुसरी सही फाइलच्या शेवटी जोडली जाते व पहिलीला धक्का लागत नाही. मात्र कोणी मध्येच तो कागद छापून पुन्हा स्कॅन केला तर उरते ते केवळ चित्र.

ग्रामस्थांनाही सहीची तपासणी करता येते. फाइल अक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी आणि सहीच्या चौकोनावर टिचकी मारावी. काहीच उघडले नाही तर ते चित्र आहे असे समजावे. आपल्याकडील अनेक शासकीय कागदांवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि `Validity Unknown` हे शब्द दिसतात. त्याने घाबरून जाऊ नये. कागद खोटा आहे असा त्याचा अर्थ नाही. सही देणाऱ्या भारतीय संस्थेवर विश्वास ठेवावा असे त्या संगणकास अद्याप सांगितलेले नाही, एवढाच अर्थ आहे. उजव्या कळीने `Signature Properties` उघडून प्रमाणपत्रांची साखळी पाहावी. सर्वांत वरचे नाव `CCA India` या शब्दांनी सुरू होत असेल तर साखळी नियंत्रकापर्यंत पोहोचते. तेच प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून नोंदविले की पुढील वेळी हिरवी खूण येते. याउलट, सहीनंतर मजकूर बदलला आहे अथवा सही अवैध आहे असा स्पष्ट संदेश आल्यास तो कागद परत करावा. जाता जाता हेही नमूद करणे अवश्य आहे की, मृत्युपत्र हे या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे. ते कागदावर, साक्षीदारांसमक्षच करावे लागते.

आता अक्षर-ओळखीकडे येऊ. स्कॅनरमधून निघालेले पान हे छायाचित्र असते, आणि त्यातील नाव शोधू गेल्यास संगणकास काहीच सापडत नाही. छापील अक्षरे ओळखून छायाचित्रामागे मजकुराचा अदृश्य थर घालणे म्हणजे अक्षर-ओळख, जिला ओसीआर असे म्हणतात. पुष्कळ कंपन्या ही सोय महागड्या योजनेतच देतात. घेण्यापूर्वी भाषांची यादी उघडून तीत मराठीचे नाव आहे काय ते पाहावे. केवळ हिंदी असेल तर ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ यांपाशी चूक होण्याचा संभव असतो. स्कॅन ३०० डीपीआयने, सरळ व स्वच्छ असावा. आकडे मात्र कितीही चांगल्या साधनाने वाचले तरी डोळ्यांनी ताडून पाहावेत, कारण जन्मतारखेतील १ चा ९ झाल्यास त्याचा त्रास विद्यार्थ्यास पुढे फार काळ होतो.

आपल्या विद्यालयाच्या बाबतीत येथे एक अप्रिय गोष्ट सांगावी लागेल. जुने जनरल रजिस्टर हाताने, शाईने लिहिलेले आहे. छापील अक्षरांसाठी केलेली अक्षर-ओळख हस्ताक्षरापुढे निष्प्रभ ठरते. त्या रजिस्टरसाठी महागडी योजना घेणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय. त्यापेक्षा पाने नुसती स्कॅन करून नाव, रजिस्टर क्रमांक आणि पान क्रमांक यांची एक सूची तक्त्यात टंकित करावी. शोध त्या सूचीत घ्यावा आणि पान उघडावे. हे काम कंटाळवाणे असले तरी खात्रीचे आहे.

छापील परिपत्रके, अहवाल व स्मरणिका यांना मात्र अक्षर-ओळख उत्तम लागू पडते, आणि तीही विनामूल्य साधता येते. टेसरॅक्ट हे साधन मुळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्यावर आधारलेला एक प्रोग्राम पुढील एका ओळीने चालतो. त्यात `mar` म्हणजे मराठी आणि `eng` म्हणजे इंग्रजी होय. पोर्तुगीज राजवटीतील छापील कागद असल्यास `por` लिहावे. ही प्रत्येक भाषा आधी संगणकावर बसविलेली असावी लागते.

```
ocrmypdf -l mar+eng ahaval.pdf ahaval-shodh.pdf
```

मराठीपुरती एक विशेष अडचण येथे येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या, श्रीलिपीसारख्या संचांतील जुन्या टंकांत तयार केलेल्या पीडीएफमध्ये पानावर शुद्ध मराठी दिसते, परंतु तो मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी पडते. संगणकाच्या दृष्टीने तेथे आधीच मजकूर आहे, म्हणून वरील प्रोग्राम काम थांबवून तसे सांगतो, आणि कित्येक विकतची साधने अशी पाने गुपचूप वगळतात. अशा वेळी वरील आज्ञेत `--force-ocr` हे शब्द घालावेत, म्हणजे पानाचे आधी चित्र होऊन मग अक्षरे नव्याने ओळखली जातात. योजनेच्या चाचणीकाळात असा एखादा जुना कागद अवश्य चालवून पाहावा. त्याच वेळी मजकूर-संपादनाचीही परीक्षा घ्यावी. ‘विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या’ असे शब्द पीडीएफमध्ये टंकित करावेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस पडली किंवा जोडाक्षरे फुटली, तर ते साधन मराठीत संपादन करण्यास निरुपयोगी आहे, मग त्याची किंमत काहीही असो.

राहता राहिला परवान्याचा प्रश्न. वेब परवाना सामान्यतः एका व्यक्तीच्या खात्यास मिळतो व तो कोणत्याही संगणकावरून वापरता येतो. डेस्कटॉप परवाना ठरावीक यंत्रांवर नोंदविला जातो. यंत्र बिघडल्यास जुनी नोंद रद्द करून नवी करावी लागते, म्हणून परवान्याचा क्रमांक दप्तरात लिहून ठेवावा. वेब साधनात प्रत्येक फाइल कंपनीच्या संगणकावर जाते. ती काही तासांनी पुसली जाईल असे आश्वासन असले तरी विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि जातीचे दाखले असलेले कागद तेथे पाठविणे मला स्वतःला प्रशस्त वाटत नाही. अशा कागदांचे काम डेस्कटॉपवरच करावे. त्यातही काही ‘डेस्कटॉप’ साधने अक्षर-ओळखीसारख्या क्रियांसाठी फाइल परस्पर बाहेर पाठवितात. इंटरनेटची तार काढून ती क्रिया करून पाहिली की हे तत्काळ कळते. पावसाळ्यात जोडणी वारंवार तुटणाऱ्या गावी ही परीक्षा आणखी एका कारणाने उपयोगी ठरते.

‘एकदाच खरेदी’ हे शब्दही तपासून घ्यावेत. अक्रोबॅट २०१७ हे एकदाच विकत घेण्याचे साधन होते, परंतु त्याची सुरक्षा-सुधारणा जून २०२२ मध्ये बंद झाली. अक्रोबॅट २०२४ चा परवाना तर तीन वर्षांच्या मुदतीचाच आहे. वर्गणीच्या बाबतीत ‘वार्षिक, दरमहा देय’ आणि ‘मासिक’ यांत मोठे अंतर असते. पहिल्या प्रकारात वर्षाचा करार झालेला असतो आणि मध्येच सोडल्यास दंड पडतो. हा दंड ग्राहकांपासून दडविला जातो, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या शासनाने जून २०२४ मध्ये अडोबीविरुद्ध न्यायालयात तक्रार दाखल केली होती.

आपल्या विद्यालयाचा निर्णय आता घेता येतो. सहीसाठी मुख्याध्यापकांच्या नावे वर्ग ३ चे टोकन घ्यावे, आणि ते वाचणारे एक डेस्कटॉप साधन त्याच संगणकावर बसवावे. छापील कागदांची अक्षर-ओळख विनामूल्य प्रोग्रामने करावी; रजिस्टरची सूची हाताने करावी. वर्षभराची वेब वर्गणी नको. जूनमध्ये, व्यक्तिगत माहिती नसलेल्या कागदांसाठी जादा सोय लागलीच, तर खरोखर मासिक असलेली योजना एका महिन्यापुरती घ्यावी आणि पैसे भरले त्याच दिवशी स्वयंचलित नूतनीकरण बंद करून त्या पानाची छापील प्रत देयकास जोडावी.